तीन वर्षांत २० टक्के म्हणजे वर्षाला किती? सीएजीआर कधी, एक्सआयआरआर कधी

माझ्या एसआयपीला तीन वर्षं पूर्ण झाली तेव्हा ॲपवर हिरव्या अक्षरांत +२०% दिसत होतं. दर महिन्याला ५,००० रुपये, ३६ हप्ते, भरलेले १,८०,००० आणि त्यांचे झालेले २,१६,०००. मी कौतुकानं बाबांना मोबाइल दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "तीन वर्षांत वीस? म्हणजे वर्षाला साडेसहाच की रे. माझी एफडी सात देते, आणि रोज उघडून बघावी लागत नाही."

मीही भागाकार केला. ६.६७. बाबांचं बरोबर वाटलं आणि मी एसआयपी थांबवून टाकली. दोन महिन्यांनी ऑफिसात अकाउंट्सच्या एका सहकाऱ्याला हे सांगितलं, तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला: "शेवटचा हप्ता भरून तीन वर्षं झाली होती का?" झाला होता एक महिना. मग तोंड बंद झालं.

माझा खरा परतावा वर्षाला १२.२ टक्क्यांच्या आसपास होता. तो कसा काढायचा हे शिकायला मला दोन रविवार लागले, कारण शीटने आधी एरर दिले आणि नंतर, त्याहून वाईट म्हणजे, चुकीची उत्तरं अगदी बिनबोभाट दिली. तुमचं काम तासाभरात व्हावं म्हणून हे लिहितोय.

१. आधी कागद गोळा करा

म्युच्युअल फंड असतील तर एकत्रित स्टेटमेंट मागवा, ज्याला सगळे 'कॅस' म्हणतात. कॅम्स किंवा केफिनटेकच्या साइटवर फंडांत नोंदवलेला ईमेल टाकला की पीडीएफ मेलवर येते, आणि ती उघडायला तुम्हीच ठरवलेला पासवर्ड लागतो. तिथे सारांश मागू नका, Detailed निवडा, कारण आपल्याला प्रत्येक व्यवहाराची तारीख हवी आहे. कालावधी पहिल्या गुंतवणुकीच्याही आधीपासूनचा टाका. स्टेटमेंट आल्यावर प्रत्येक फोलिओखालची Opening Unit Balance ही ओळ बघा. तिथे शून्य नसेल तर जुने व्यवहार बाहेर राहिलेत, पुन्हा मागवा.

शेअर असतील तर ब्रोकरकडची खरेदी-विक्रीची यादी आणि लाभांशासाठी बँकेचं स्टेटमेंट लागेल. विम्याची पॉलिसी असेल तर हप्ते भरल्याच्या पावत्या. आणि गूगल शीट्स, एक्सेल किंवा लिबरऑफिस यांपैकी काहीही एक. यात XIRR नावाचं फंक्शन आधीच असतं, वेगळं ॲप लागत नाही.

२. ॲब्सोल्यूट रिटर्न काय सांगतो आणि काय लपवतो

नफा भागिले गुंतवलेली रक्कम, गुणिले शंभर, बस. एक लाखाचे १,६०,००० झाले तर ६० टक्के. हिशेब खरा आहे, पण त्यात वेळ कुठेच नाही. हेच ६० टक्के तीन वर्षांत मिळाले तर फार छान, आठ वर्षांत मिळाले तर एफडी बरी होती.

प्रत्येक घरात एक प्लॉटवाले काका असतात. "प्लॉट दुप्पट झाला" हे ते लग्नात, बारशात, कुठेही सांगतात. 'किती वर्षांत' हे विचारायचं राहून जातं. आठ वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साधारण ९ टक्के, आणि त्यातून नोंदणी, मुद्रांक शुल्क आणि तारेचं कुंपण अजून वजा व्हायचंय.

वर्षाच्या आतल्या गुंतवणुकीसाठी मात्र ॲब्सोल्यूट आकडाच योग्य. फंडांच्या फॅक्टशीटमध्येही एक वर्षापर्यंतचा परतावा तसाच दाखवतात आणि त्यापुढचा सीएजीआरमध्ये. त्यामुळे 'सहा महिने' आणि 'तीन वर्षं' हे शेजारचे दोन रकाने एकाच मापाचे नसतात, हे लक्षात ठेवा.

३. पैसे एकदाच टाकले असतील तर सीएजीआर

सीएजीआर म्हणजे चक्रवाढीने धरलेला वार्षिक दर. प्रश्न असा की, दरवर्षी अगदी सारख्या दराने वाढ झाली असती, तर या रकमेची त्या रकमेपर्यंत मजल जायला तो दर किती हवा होता? A1 मध्ये सुरुवातीची तारीख, A2 मध्ये शेवटची, B1 आणि B2 मध्ये रकमा, असं मांडून हे सूत्र टाका:

```
=(B2/B1)^(365/(A2-A1))-1
```

एक लाखाचे १,६०,००० तीन वर्षांत झाले तर साधारण १७ टक्के येतात, पाच वर्षांत ९.९ आणि आठ वर्षांत ६.१. ६० ला नुसतं पाचने भागलं असतं तर १२ आले असते. वर्षांनी भागायची ही सवय मोडायला वेळ लागतो. व्याजावर व्याज चढत असल्यामुळे भागाकार नेहमी खऱ्या दरापेक्षा जास्त दाखवतो, आणि काळ लांबला की फरक वाढतो.

इथेच एक अट दडलेली आहे: सूत्रात एक सुरुवात आणि एक शेवट एवढ्यालाच जागा आहे. मध्ये एक रुपयाही आत आला किंवा बाहेर गेला, तर सीएजीआर बाजूला ठेवा आणि एक्सआयआरआर काढा.

४. एसआयपीत प्रत्येक हप्त्याचं वय वेगळं

माझ्या ३६ हप्त्यांकडे परत येऊ. पहिला हप्ता जुलै २०२२ चा, त्याने ३६ महिने काम केलं. दुसऱ्याने ३५. शेवटचा जून २०२५ चा, त्याच्या वाट्याला एक महिना. सरासरी काढली तर प्रत्येक हप्ता साडेअठरा महिने कामावर होता, म्हणजे दीड वर्षाच्या जरा वर. तर ते २० टक्के तीन वर्षांत नव्हे, साधारण दीड वर्षात मिळाले होते. वीस गुणिले बारा भागिले साडेअठरा केलं की १३ च्या जवळ येतं, त्यातून चक्रवाढीमुळे थोडं कमी करा. शीटने १२.२ दिलं.

याउलट १,८०,००० आणि २,१६,००० हे दोनच आकडे घेऊन तीन वर्षांचा सीएजीआर काढला तर ६.३ टक्के येतो. म्हणजे निम्मा. बाबा आणि मी दोघं त्याच खड्ड्यात पडलो होतो: १,८०,००० रुपये पहिल्या दिवशीच भरले होते असं आम्ही गृहीत धरलं.

हा बोटांवरचा अंदाज शीट उघडण्याआधी जरूर करा. नंतर शीटने ४ किंवा ४० असं काही दाखवलं तर चूक मांडणीत आहे हे लगेच कळतं.

५. शीटमध्ये मांडणी: एक पूर्ण उदाहरण

एसआयपीपेक्षा विस्कळित उदाहरण घेऊ, कारण खरी गुंतवणूक अशीच असते. एका बाईंना दर जूनमध्ये बोनस मिळतो. ज्या वर्षी घरखर्चातून उरतो त्या वर्षी त्या तो एका फंडात टाकतात. १४ जून २०१९ ला १,००,०००, १४ जून २०२१ ला ५०,००० आणि १४ जून २०२३ ला १,५०,०००. शनिवारी, १४ जून २०२५ ला, त्या हिशेबाला बसल्या तेव्हा फंडातली किंमत ४,५०,००० होती. पैसे काढलेले नाहीत, पण आज सगळे काढले तर किती येतील ती रक्कम शेवटच्या ओळीत लिहायची.

```
14-Jun-2019    -100000
14-Jun-2021     -50000
14-Jun-2023    -150000
14-Jun-2025     450000

=XIRR(B1:B4, A1:A4)
```

उत्तर ०.१११३ असं काहीतरी येईल. त्या चौकटीचं स्वरूप टक्केवारीत बदला: ११.१३ टक्के. सूत्रात रकमा आधी आणि तारखा नंतर, हा क्रम उलटा करू नका.

आत नेमकं काय होतं? शीट अंदाजाने दर धरत जातं. १० टक्के धरले तर तीन रकमा वाढून मिळून ४,३२,००० च्या आसपास होतात, म्हणजे कमी पडतात. १२ धरले तर ४,६४,४०० होतात, जास्त झाले. असं मागेपुढे करत ते ११.१३ वर थांबतं, कारण तिथे पहिल्या लाखाचे सुमारे १,८८,५००, पन्नास हजारांचे ७६,३०० आणि दीड लाखाचे १,८५,३०० होतात आणि बेरीज ४,५०,००० ला येऊन भिडते. यात गूढ काही नाही. प्रत्येक रुपयाला तो जितके दिवस आत होता तितक्याच दिवसांची वाढ दिली जाते, आणि वर्ष ३६५ दिवसांचं धरलं जातं. सगळ्या रुपयांना लागू होणारा तो एक दर म्हणजे एक्सआयआरआर.

आता एक गंमत करून बघा. पहिली आणि तिसरी रक्कम अदलाबदल करा: २०१९ ला दीड लाख, २०२३ ला एक लाख. गुंतवणूक तीच तीन लाख, किंमत तीच साडेचार लाख, ॲब्सोल्यूट रिटर्न तोच ५० टक्के, आणि दोन टोकांवरून काढलेला सहा वर्षांचा सीएजीआरही तोच ७ टक्के. एक्सआयआरआर मात्र ११.१ वरून ९.५ वर येतो. जास्त पैसा जास्त काळ अडकला आणि नफा तेवढाच राहिला, तर दर घसरणारच. बाकी दोन्ही आकड्यांना हा फरक दिसतच नाही.

६. शीट कुठे फसवतं

चिन्ह. खिशातून गेलं ते वजा, खिशात आलं ते अधिक. सगळ्याच रकमा अधिक टाकल्या तर `#NUM!` येतं. ही चूक सोपी, कारण ती ओरडून सांगते. सगळ्यात जुनी तारीख पहिल्या ओळीत ठेवा, नाहीतर एक्सेल याच एररवर अडतं.

तारखा मात्र गुपचूप दगा देतात. माझा पहिला रविवार यातच गेला. मी 05/07/2022 असं टाइप केलं होतं, म्हणजे ५ जुलै. शीटची मांडणी अमेरिकेची होती, त्याने तो ७ मे वाचला. माझे सगळे हप्ते पाच तारखेचे, त्यामुळे प्रत्येक तारीख 'चालून' गेली, एरर आलाच नाही, आणि ३६ हप्ते तीन वर्षांत पसरण्याऐवजी प्रत्येक वर्षाच्या मे महिन्यात येऊन दाटीवाटीने बसले. उत्तर आलं, दिसायला व्यवस्थित, आणि पूर्ण चुकीचं. तारीख १३ किंवा पुढची असती तर शीटला ती वाचताच आली नसती आणि मला निदान कळलं तरी असतं. गूगल शीट्समध्ये File, मग Settings, आणि Locale मध्ये India करा. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे तारीख `=DATE(2022,7,5)` अशी लिहायची किंवा महिना अक्षरांत टाकायचा. चौकटीत तारीख डावीकडे चिकटलेली दिसली तर शीटने ती मजकूर समजून ठेवलीय असं धरून चला.

तिसरा प्रकार फक्त तोट्यातल्या गुंतवणुकीत दिसतो. नुकसान मोठं असलं की एक्सेल कधीकधी ०.००% दाखवून मोकळं होतं. तुम्ही म्हणाल, चला, मुद्दल तरी वाचलं. त्या चौकटीतला आकडा पूर्ण उघडून पाहिला तर 2.98E-09 असं काहीतरी असतं. तो दर नाही, हिशेब मध्येच अडकल्याची खूण आहे. अशा वेळी सूत्राला तिसरा आकडा म्हणून एक अंदाज द्या:

```
=XIRR(B1:B4, A1:A4, -0.1)
```

७. काय धरायचं, काय सोडायचं

कसोटी एकच: हा पैसा माझ्या बँक खात्यातून गेला का, किंवा खात्यात आला का?

लाभांश खात्यात जमा झाला तर त्या तारखेला अधिक म्हणून लिहा. तो परत त्याच फंडात गुंतवला गेला असेल तर काहीच लिहू नका, तो आजच्या किमतीत आलेलाच आहे. दोन्हीकडे धरलात तर परतावा फुगतो. एका योजनेतून दुसऱ्या योजनेत पैसे वळवले असतील तर स्टेटमेंटमध्ये दोन ओळी दिसतात. सगळ्या गुंतवणुकीचा मिळून हिशेब करताना त्या दोन्ही सोडा, पैसा घराबाहेर पडलेलाच नाही. फक्त एका योजनेचा हिशेब करत असाल तर मात्र तिथून गेलेली रक्कम अधिक म्हणून धरावी लागते.

स्टेटमेंटमध्ये ५,००० च्या जागी ४,९९९.७५ आणि खाली २५ पैशांची वेगळी ओळ दिसेल. जुलै २०२० पासून फंडखरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं, ते हे. खात्यातून ५,००० गेले, म्हणून ५,०००च लिहा. उत्तरात फरक पडणार नाही, पण सवय चांगली.

बाबांच्या एका जुन्या पॉलिसीवर मी हेच वापरून पाहिलं. १५ वर्षं दरवर्षी ५०,०००, आणि शेवटच्या हप्त्यानंतर एका वर्षाने ११,५०,००० हातात. एजंटने "साडेसात लाखांवर चार लाख नफा" असं सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. पंधरा ओळी वजा, एक ओळ अधिक, एक्सआयआरआर ५.२ टक्के. न्यायाने बोलायचं तर त्या हप्त्यातला काही भाग विमासंरक्षणाचा होता, त्यामुळे एफडीशी थेट तुलना पूर्ण रास्त नाही. पण चार लाखांचा आकडा ऐकून जे वाटतं ते आणि ५.२ वाचून जे वाटतं ते, यांत फार अंतर आहे. बाबांनी तो कागद घडी घालून फाइलमध्ये ठेवला आणि विषय बदलला.

८. आलेलं उत्तर कसं वाचायचं

गुंतवणूक वर्षाच्या आतली असेल तर एक्सआयआरआरकडे बघू नका. महिन्याभरात ३ टक्के वाढ झाली तर तो ४३ टक्के दाखवतो, कारण हाच वेग वर्षभर राहील असं धरून तो वार्षिक दर काढतो. नवीन एसआयपीवाले ॲपमध्ये हा आकडा पाहून हरखतात आणि पुढच्या महिन्यात तोच उणे झाल्यावर घाबरतात.

चार फंडांचे चार एक्सआयआरआर असतील तर त्यांची सरासरी काढू नका. दोन हजारांच्या फंडाला आणि दोन लाखांच्या फंडाला तीत सारखंच वजन मिळतं. सगळे व्यवहार एकाच यादीत तारखेप्रमाणे लावा, शेवटच्या ओळीत सगळ्यांची मिळून आजची किंमत टाका आणि एकदाच सूत्र लावा.

आणि तुमचा एक्सआयआरआर फंडाच्या जाहिरातीतल्या सीएजीआरशी ताडून पाहू नका. जाहिरातीतला आकडा पहिल्या दिवशी एकरकमी पैसे टाकून शेवटपर्यंत हात न लावणाऱ्याचा असतो. तुमच्या आकड्यात तुम्ही पैसे कधी टाकलेत तेही मिसळलेलं असतं. फंडाचा सीएजीआर १४ आणि तुमचा एक्सआयआरआर ९ असेल, तर फंडाने फसवलं असा त्याचा अर्थ होत नाही. कदाचित तुमची मोठी रक्कम बाजार वर असताना गेली असेल. तुलना करायचीच असेल तर तुमच्याच तारखांना तेवढ्याच रकमा एखाद्या इंडेक्स फंडात टाकल्या असत्या तर आज किती झाले असते, हे त्या दिवसांच्या एनएव्हीवरून, म्हणजे एका युनिटच्या भावावरून काढा आणि त्याचा एक्सआयआरआर शेजारी मांडा. त्या त्या तारखेची रक्कम भागिले त्या दिवशीची एनएव्ही म्हणजे युनिट, सगळ्या युनिटांची बेरीज गुणिले आजची एनएव्ही म्हणजे शेवटची ओळ. अर्ध्या तासाचं काम आहे.

एफडीशी तुलना करतानाही बँकेचा छापील दर घेऊ नका. ७ टक्क्यांवर तिमाही चक्रवाढ धरली की वर्षाचा खरा दर ७.१९ होतो, आणि एक्सआयआरआरशेजारी तोच ठेवायचा. कर दोन्हीकडे वेगळा लागतो, तो यात नाही. बाबांना मी १२.२ आणि ७.१९ असे दोन आकडे एका चिठ्ठीवर लिहून दाखवले. ते म्हणाले, "बाजार पडल्यावर हीच चिठ्ठी परत काढ." काढली. पुढच्या घसरणीत माझा आकडा ८.४ झाला होता. एसआयपी मी तोवर पुन्हा सुरू केली होती, आणि या वेळी मात्र ती थांबवली नाही.